सहपत्राची अक्षरे : तीन बाइटांची चार चिन्हे

(इयत्ता सातवी व आठवीच्या गणित-विज्ञान मंडळासाठी पाठ, शिक्षकांच्या स्वतःच्या कामासाठीही उपयुक्त)

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या मुदतीचा शेवटचा आठवडा चालू होता. एका दूरच्या वाडीवरील शाळेकडून चौदा विद्यार्थिनींची यादी ई-मेलने आली. लिपिकांनी ती उघडली, तो पडद्यावर यादी नव्हतीच. रोमन अक्षरे व आकडे एकमेकांत मिसळलेले, अर्थाचा मागमूस नसलेले, आणि अशा ओळींमागून ओळी! पहिली ओळ `JVBERi0x` या अक्षरांनी सुरू होत होती. लिपिकांनी शेरा लिहिला, "सहपत्र खराब झाले आहे, पुन्हा पाठवावे", आणि त्या शेऱ्याखाली प्रस्तुत लेखकानेच सही केली. शाळेत त्या दिवशी वीज नव्हती. अखेर तेथील शिक्षक कागदी यादी घेऊन एस. टी. ने आले व मुदत संपण्यापूर्वी जेमतेम तासभर कार्यालयात पोहोचले.

पुढे सवड मिळाल्यावर तो पडद्यावरील मजकूर तपासून पाहिला, तेव्हा ध्यानात आले की सहपत्र खराब झालेलेच नव्हते. त्यातील एकही अक्षर गळालेले नव्हते. यादी जशीच्या तशी आमच्यापुढे होती. ती वाचण्याची रीत मात्र आम्हांला ठाऊक नव्हती. ती रीत इतकी सोपी आहे की आठ आणि सहा यांचा लघुतम साधारण विभाज्य काढू शकणाऱ्या मुलाला ती फळ्यावर शिकविता येते. या पाठात तीच मांडली आहे. इंग्रजीत तिला `Base64` म्हणतात; आपण तिला चौसष्ट चिन्हांचे संकेतन म्हणू.

१. पूर्वज्ञान व साहित्य

मुलांना द्विमान पद्धतीची, म्हणजे फक्त ० व १ या दोन अंकांनी संख्या लिहिण्याची, ओळख असावी. आठ घरांच्या किमती डावीकडून उजवीकडे १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा असतात, एवढे आठवले तरी पुरे. एका घराला बिट म्हणतात व आठ घरांच्या गटाला बाइट. एका बाइटमध्ये ० पासून २५५ पर्यंतची कोणतीही संख्या बसते. संगणकातील प्रत्येक वस्तू, मग ते छायाचित्र असो, गाणे असो वा हजेरीपत्रक, अशा बाइटांची एक लांब रांग असते.

साहित्य म्हणून चोवीस चिंचोके व चोवीस खडे, खडूने आखलेली घरे, आणि पुढे दिलेले कोष्टक मोठ्या अक्षरांत लिहिलेला तक्ता घ्यावा. संगणक नसला तरी पाठ अडत नाही.

२. ही योजना का करावी लागली?

ई-मेलचे मूळ नियम १९८२ सालचे आहेत. त्या काळी पत्र म्हणजे इंग्रजी मजकूर, असे गृहीत धरलेले होते. इंग्रजी अक्षरे, आकडे व विरामचिन्हे यांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले आहेत (`A` चा ६५, `a` चा ९७). एवढ्या क्रमांकांना सात बिटे पुरतात. म्हणून वाटेतील यंत्रांनी आठवे बिट जपलेच पाहिजे, असे बंधन नव्हते. शिवाय ० ते ३१ या क्रमांकांची चिन्हे छापण्यासाठी नसून यंत्राला आज्ञा देण्यासाठी असतात : ओळ संपली, घंटा वाजव, इत्यादी. अशी चिन्हे वाटेत बदलली किंवा गाळली जाण्याचा संभव असे.

आता एखादे छायाचित्र या डाकेने पाठवावयाचे म्हटले तर काय होईल? त्यातील बाइट ० ते २५५ यांपैकी कोणतेही असतात. कोणाचे आठवे बिट कापले जाईल, कोणाला यंत्र आज्ञा समजेल, आणि चित्र वाटेतच मोडेल.

१९९२ साली नॅथॅनिअल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी ई-मेलबरोबर सहपत्रे पाठविण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत या अडचणीवर असा उपाय स्वीकारला आहे : बाइट जसेच्या तसे पाठवूच नयेत. कोणत्याही यंत्रातून सुखरूप पार पडतील अशी मोजकीच चिन्हे निवडावी, आणि बाइट त्या चिन्हांत लिहून पाठवावेत. पलीकडे पोहोचल्यावर चिन्हांवरून पुन्हा बाइट तयार करावेत.

अशी चिन्हे किती घ्यावी? येथे मुलांना विचार करू द्यावा. इंग्रजी कळफलकावर छापता येण्याजोगी चिन्हे, कोरी जागा वगळून, ९४ आहेत. सात बिटांना एकेक चिन्ह द्यावयाचे तर १२८ चिन्हे हवीत, तेवढी नाहीत. सहा बिटांना ६४ पुरतात आणि ९४ मधून ती निवडून घेता येतात. म्हणून चौसष्ट. निवडताना मोठ्या लिपीतील २६, लहान लिपीतील २६, आकडे १० आणि `+` व `/` ही दोन चिन्हे घेतली. वेगवेगळ्या जातींच्या संगणकांवर इतर विरामचिन्हांचे क्रमांक बदलत, पण ही चौसष्ट चिन्हे सर्वत्र जशीच्या तशी टिकत.

३. कोष्टक

पुढील तक्ता वर्गात टांगावा. क्रमांक शून्यापासून सुरू होतो, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. बहुतेक चुका तेथेच होतात.

```
 0-25   A B C D E F G H I J K L M N O P Q R S T U V W X Y Z
26-51   a b c d e f g h i j k l m n o p q r s t u v w x y z
52-61   0 1 2 3 4 5 6 7 8 9
62      +
63      /
```

या तक्त्यात आकडा `0` याचा क्रमांक ५२ आहे. चिन्ह म्हणून येणारा आकडा आणि त्याचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी होत. तसेच मोठी `A` म्हणजे ० आणि लहान `a` म्हणजे २६. येथे लिपी बदलली की किंमत बदलते.

४. चिंचोक्यांचा प्रयोग

बाइट आठ बिटांचा आणि चिन्ह सहा बिटांचे. यांचा मेळ कोठे बसतो? आठ व सहा यांचा ल. सा. वि. चोवीस. म्हणून तीन बाइट व चार चिन्हे यांत बिटे सारखीच असतात.

हे प्रत्यक्ष दाखवावे. ० साठी खडा व १ साठी चिंचोका मानून चोवीस घरांची एक रांग भरावी. प्रथम आठ-आठ घरांवर खडूची रेघ ओढावी. तीन भाग होतील. मग त्या रेघा पुसून सहा-सहा घरांवर ओढाव्या. चार भाग होतील. एकही चिंचोका जागेवरून हललेला नाही. केवळ रेघा हलल्या. संपूर्ण संकेतनाचे मर्म एवढेच आहे, आणि मुलाला हे एकदा पटले की पुढील सर्व रीत आपोआप उलगडते.

५. उदाहरण पहिले : पूर्ण गट

वाई हे गावाचे नाव रोमन लिपीत `Wai` असे तीन अक्षरांत बसते. म्हणून आरंभाला सोयीचे. `W` चा क्रमांक ८७, `a` चा ९७ व `i` चा १०५. ८७ म्हणजे ६४ + १६ + ४ + २ + १. याप्रमाणे तिन्ही संख्या आठ-आठ घरांत लिहाव्या :

```
W = 87    01010111
a = 97    01100001
i = 105   01101001
```

आता सलग चोवीस बिटे लिहून सहा-सहांनी तोडावी. सहा घरांच्या किमती ३२, १६, ८, ४, २, १.

```
010101   110110   000101   101001
  21       54        5       41
   V        2        F        p
```

पहिल्या गटाची बेरीज १६ + ४ + १ = २१; कोष्टकात २१ समोर `V`. दुसऱ्याची ३२ + १६ + ४ + २ = ५४; त्यासमोर आकडा `2`. येणेप्रमाणे `Wai` चे `V2Fp` झाले. उलट वाचन करावयाचे तर प्रत्येक चिन्हाचा क्रमांक काढावा, तो सहा घरांत लिहावा, सर्व सलग जोडावे आणि आठ-आठांनी तोडावे. एका मुलाने संकेतन करावे व दुसऱ्याने मूळ शब्द न पाहता उलट वाचन करावे, म्हणजे पडताळाही होतो.

६. अपुरा गट आणि `=` हे चिन्ह

बाइटांची संख्या तीनने नि:शेष भागली गेली तर प्रश्नच नाही. पण बाकी एक किंवा दोन उरली तर?

पुणे हे नाव घ्यावे. `Pune` यात चार अक्षरे आहेत. पहिली तीन, `Pun`, वरीलप्रमाणे `UHVu` होतात. मागे एकटा `e` उरला. त्याचा क्रमांक १०१ व बिटे आठच : `01100101`. पहिली सहा बिटे एक चिन्ह देतात, पण मागे दोनच उरतात. म्हणून त्यांच्यामागे चार शून्ये जोडून सहा पुरी करावी :

```
011001   01(0000)
  25       16
   Z        Q
```

चिन्हे दोनच झाली. गट चारांचा पाळावयाचा असल्यामुळे उरलेल्या दोन जागी `=` लिहितात. सर्व मिळून `UHVuZQ==`.

मिरजेचे `Miraj` पाच अक्षरांचे. `Mir` चे `TWly`. मागे `a` व `j` असे दोन बाइट, म्हणजे सोळा बिटे. सहाच्या तीन गटांना अठरा हवीत. म्हणून दोन शून्ये जोडावी :

```
011000   010110   1010(00)
  24       22       40
   Y        W        o
```

एक जागा रिकामी, तेथे एक `=`. सर्व मिळून `TWlyYWo=`.

नियम असा ठरतो. बाकी शून्य असेल तर `=` नाही. बाकी दोन बाइट असतील तर एक `=`. बाकी एक बाइट असेल तर दोन `=`. तीन `=` कधीही येत नाहीत, कारण एका चिन्हात सहाच बिटे मावतात आणि त्यातून एकही पुरा बाइट तयार होत नाही.

येथे हुशार मुले एक शंका काढतात, आणि तिचे उत्तर नीट द्यावे. जोडलेली शून्ये आहेतच, तर `=` ऐवजी शून्याचे चिन्ह `A` का लिहू नये? `ZQAA` लिहून पाहावे. त्याचे उलट वाचन केले तर `e` आणि त्यामागे शून्य किमतीचे आणखी दोन बाइट मिळतात. म्हणजे मूळ मजकुरात नसलेले दोन बाइट नव्याने शिरले. `A` म्हणजे "येथे शून्य आहे", आणि `=` म्हणजे "येथे काहीच नाही". गुणपत्रिकेत शून्य गुण व गैरहजर यांत जो भेद आपण करतो, तोच हा भेद होय.

७. देवनागरीचे काय?

मराठी अक्षरांना संगणकात प्रचलित रीतीने तीन-तीन बाइट लागतात. येथे अक्षर म्हणजे स्वतंत्र चिन्ह. काना, वेलांटी, मात्रा यांनाही प्रत्येकी तीन. आणि तीन बाइटांची चिन्हे चार. म्हणजे केवळ देवनागरी अक्षरांनी बनलेल्या शब्दात `=` येण्याचे कारणच उरत नाही.

'शाळा' हा शब्द पाहावा. श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे. म्हणून बारा बाइट व सोळा अक्षरे :

```
श      काना    ळ      काना
4KS2   4KS+   4KSz   4KS+
```

प्रत्येक गटाची पहिली तीन अक्षरे सारखीच आहेत, कारण देवनागरीच्या सर्व अक्षरांचा पहिला बाइट एकच असून दुसरा दोनांपैकी एक असतो. दुसरा बाइट बदलला, जसे एका मात्रेसाठी, की `4KS` ऐवजी `4KW` येते. मात्रेचे संकेतन `4KWH` असे होते. तेव्हा ई-मेलमध्ये `4KS` व `4KW` पुन्हापुन्हा दिसू लागले, तर आत मराठी अथवा हिंदी मजकूर आहे हे उकल न करताही ओळखता येते. काही वेळा पत्राचा विषय पुढीलप्रमाणे दिसतो :

```
=?UTF-8?B?4KS24KS+4KSz4KS+?=
```

यात भिण्यासारखे काही नाही. दोन्ही टोकांची चिन्हे "येथून येथपर्यंत संकेतन आहे" एवढेच सांगतात, आणि मधला मजकूर म्हणजे आपला 'शाळा' हाच शब्द.

८. ते सहपत्र कसे वाचावयाचे होते

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. सहपत्राच्या आधी ई-मेलमध्ये दोन सूचना असतात व त्यांनंतर एक कोरी ओळ :

```
Content-Type: application/pdf; name="yadi.pdf"
Content-Transfer-Encoding: base64
```

पहिली सांगते वस्तू कोणती, दुसरी सांगते ती कोणत्या रीतीने लिहिली आहे. या ओळी पाहूनच ई-मेल उघडणारी यंत्रणा स्वतः उकल करते आणि आपल्याला तयार यादी दाखविते. आमच्या पत्रात मधल्या कोणत्या तरी टप्प्यावर या ओळी गळाल्या होत्या. म्हणून यंत्रणेने खालचा मजकूर साधे पत्र समजून जसाच्या तसा दाखविला.

तो शाबूत आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून तपासता आले असते. पहिली गोष्ट म्हणजे आरंभाची अक्षरे. `JVBERi0x` याची उकल वरच्या कोष्टकाने करून पाहावी. `%PDF-1` असे निघते, आणि पी. डी. एफ. प्रकारची फाइल याच चिन्हांनी सुरू होते. त्याचप्रमाणे `/9j/` ने सुरू होणारा मजकूर बहुधा जेपेग छायाचित्र असते, आणि `UEsDB` ने सुरू होणारा मजकूर झिप पेटी असते. आजचे वर्ड व एक्सेल यांचे दस्तऐवज याच पेटीत बांधलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळींची लांबी. ई-मेलच्या नियमाप्रमाणे एका ओळीत ७६ पेक्षा अधिक चिन्हे नसतात, आणि सामान्यतः शेवटची सोडून प्रत्येक ओळ बरोबर ७६ चिन्हांची असते. ७६ ला ४ ने भाग जातो. ओळीत एकोणीस गट बसतात. म्हणून सर्व ओळींची उजवी कड सरळ दिसत असेल, तर फक्त शेवटची ओळ मोजणे पुरे होते. आमच्या मजकुराच्या शेवटच्या ओळीत ४४ चिन्हे होती. चारने नि:शेष भाग जात होता.

तिसरी गोष्ट म्हणजे अखेर. शेवटी एक `=` होते, म्हणजे मजकूर मध्येच तुटलेला नसून रीतसर संपलेला होता. अखेरीस `=` नसला तर मजकूर तुटलाच असे मात्र समजू नये. बाकी शून्य असता तो नसतोच.

एवढी खात्री झाल्यावर तो मजकूर `patra.txt` या नावाने साठवून विंडोज संगणकावर पुढील पहिली, अथवा लिनक्सवर दुसरी आज्ञा दिली की यादी उघडते.

```
certutil -decode patra.txt yadi.pdf
base64 -d patra.txt > yadi.pdf
```

आमच्या बाबतीत ती उघडली. पण तोवर शिक्षकांची एस. टी. ची खेप होऊन गेली होती.

९. बिघाड कसा ओळखावा

वर्गात मुद्दाम चूक करून दाखवावी, कारण दोन प्रकारच्या चुकांचे परिणाम अगदी भिन्न आहेत.

पहिली चूक, अक्षर बदलणे. हाताने उतरताना लहान `l` ऐवजी आकडा `1` लिहिला जाणे सहज घडते. `TWlyYWo=` चे `TW1yYWo=` झाले, तर उकल `Mmraj` अशी होते. एकच अक्षर बिघडले; पुढचे सर्व ठीक राहिले. एका चिन्हाची बिटे फार तर दोन बाइटांना स्पर्श करतात, म्हणून बिघाड तेथेच थांबतो. पण चिन्हांची संख्या बरोबर असल्यामुळे मोजून ही चूक सापडत नाही. या संकेतनात चूक पकडणारी स्वतंत्र खूण नाही, ही त्याची मर्यादा होय. नावांच्या यादीत अशी चूक डोळ्यांना दिसेल. गुणांच्या यादीत ७३ चे ७१ झाले तर दिसणार नाही.

दुसरी चूक, अक्षर गळणे. त्याच शब्दातील `l` गाळून `TWyYWo` वाचावे. पहिला `M` बरोबर निघतो, पण त्यापुढे `l`, मग छापता न येणारा एक बाइट, मग `Z`. रेघा एका घराने नव्हे, सहा घरांनी सरकल्या व पुढचे सारे कोलमडले. मात्र ही चूक मोजताच कळते : `=` सकट एकूण चिन्हांना चारने भाग जात नाही. काही ठिकाणी `=` न लिहिण्याचा प्रघात आहे; तेथे चारने भागून बाकी २ किंवा ३ उरली तर चालते, परंतु बाकी १ उरली तर अक्षर नक्की गळाले आहे असे समजावे.

तिसरी एक चूक शिक्षकांकडून अजाणता होते. सगळा मजकूर लहान लिपीत बदलला, की कोणत्याही मार्गाने तो परत मिळत नाही. कारण `A` व `a` यांतील भेदच पुसला जातो.

१०. वाढणारा भार

तीन बाइटांची चार चिन्हे, म्हणजे प्रत्येक सहपत्र एकतृतीयांशाने फुगते. त्यात ओळ संपल्याची दोन चिन्हे प्रत्येक ओळीमागे मिळवावी. ५७ बाइटांची एक ओळ ७८ चिन्हांची होते. ३,००,००० बाइटांचे छायाचित्र घेतले तर ४,००,००० चिन्हे, त्यांच्या ५,२६४ ओळी, आणि ओळींच्या अखेरीची १०,५२८ चिन्हे मिळून एकूण ४,१०,५२८ होतात.

ज्या डाकपेटीत २५ एम. बी. पर्यंतचे पत्र चालते व ही मर्यादा संकेतनानंतर मोजली जाते, तेथे मूळ फाइल सुमारे १८ एम. बी. पर्यंतचीच जाते. "फाइल वीसचीच आहे, मर्यादा पंचवीसची, मग परत का आली?" या प्रश्नाचे उत्तर या भागाकारात आहे. वर्गात हा त्रैराशिकाचा एक चांगला प्रश्न होऊ शकेल.

११. हे कुलूप नव्हे

शेवटी एका गैरसमजाविषयी लिहिणे अवश्य आहे. हा मजकूर वाचता येत नाही, म्हणून तो गुप्त आहे, असे पुष्कळांना वाटते. पण कोष्टक जगजाहीर आहे आणि उकलीला कोणतीही किल्ली लागत नाही; आज आठवीतील मुलगा ती फळ्यावर करील. १९८७ साली गोपनीय ई-मेलच्या एका योजनेत अशाच चौसष्ट चिन्हांचे कोष्टक योजले होते, परंतु तेथेही गुप्तता वेगळ्या कूटलेखनाने साधली जाई. कोष्टकाचे काम ते कूट सुखरूप वाहून नेण्यापुरतेच होते. तेव्हा विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँकेची खाती अथवा प्रश्नपत्रिका या रूपात पाठविल्या, तर त्या उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारख्याच समजाव्या.

१२. स्वाध्याय

१) `Karad` या शब्दाचे संकेतन करा. शेवटी `=` किती येतील, ते आधी सांगून मग पडताळा पाहा. (`K` = ७५, `a` = ९७, `r` = ११४, `d` = १००)

२) `U2F0YXJh` यातून कोणत्या गावाचे नाव निघते?

३) दहा बाइटांचे संकेतन केल्यास `=` सकट किती चिन्हे होतील? त्यांत `=` किती?

४) एका मजकुरात, `=` न धरता, २१ चिन्हे आहेत. तो शाबूत आहे काय? कारण सांगा.

उत्तरे : १) बाइट पाच, बाकी दोन, म्हणून एक `=`, `S2FyYWQ=`. २) `Satara`. ३) चिन्हे १६, त्यांत दोन `=`. ४) नाही, २१ ला ४ ने भागता बाकी १ उरते, आणि एकट्या चिन्हातून पुरा बाइट तयार होत नाही.

पाठ दोन तासिकांचा धरावा. पहिल्या तासिकेत चिंचोक्यांचा प्रयोग व `Wai`. दुसरीत अपुरा गट, बिघाड व स्वाध्याय. कोष्टकाचा तक्ता शाळेच्या संगणकाजवळ कायम टांगून ठेवावा. पुढे कधी पडद्यावर `JVBERi0x` उमटले, तर "खराब" असा शेरा लिहिण्यापूर्वी शेवटची ओळ मोजून पाहावी.